आधी कार्डाची नक्कल

भाचीच्या हळदीचे फोटो काढताना छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यावर एकाएकी संदेश आला: कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करा. त्याने बटण दाबलं नाही, कॅमेरा बंद करून कार्ड काढलं. पुढचं सगळं शक्य झालं ते त्यामुळेच.

अशा वेळी फोटो बहुधा कार्डावरच असतात. बिघडलेली असते ती कोणता फोटो कुठे ठेवलाय याची नोंद. कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकत असताना कार्ड ओढलं किंवा बॅटरी संपली की असं होतं. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली तरी पानं शाबूत असावीत, तसं. मात्र त्याच कार्डावर नवा फोटो काढला, तर तो जुन्याच्या जागेवर बसू शकतो, आणि तो जुना फोटो मग परत मिळत नाही.

कार्डाच्या कडेची कुलपाची पट्टी 'लॉक'कडे सरकवून ते आम्ही दुसऱ्या रीडरमध्ये घातलं, कारण पुष्कळदा दोष रीडरचाच असतो. इथे तो नव्हता. विंडोजनेही फॉरमॅटचं विचारलं, नाही म्हणायचं. चेकडिस्कही चालवायचं नाही, कारण दुरुस्तीच्या नावाखाली ते कार्डावरच लिहितं. आकार मात्र बघावा. ६४ जीबीचं कार्ड साधारण ५९ जीबी दाखवत होतं, म्हणजे आशा होती. आकार शून्य दिसला किंवा कार्ड ओळखलंच गेलं नाही, तर घरचे प्रयोग थांबवून डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेत जावं.

मग लिनक्सच्या संगणकावर अख्ख्या कार्डाची नक्कल उतरवली. त्यासाठी डिस्कवर कार्डाएवढी मोकळी जागा लागते.

```
sudo ddrescue -d /dev/sdX card.img card.map
photorec card.img
```

`sdX`च्या जागी कार्डाचं खरं नाव `lsblk`मध्ये बघून घालायचं. आधी कार्ड, मग नक्कल, हा क्रम उलटायचा नाही. `card.map`मध्ये कुठवर वाचून झालं ते राहतं, त्यामुळे काम मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे सुरू होतं.

यानंतर कार्ड डबीत गेलं. फोटोरेक हे मोफत साधन नक्कल चाळून प्रत्येक फोटोची सुरुवात तिच्या ठरावीक खुणेवरून ओळखतं. नोंदच बिघडलेली असल्याने `Whole` निवडलं. कॅननच्या `CR2` रॉ फाइली त्याच्या यादीत `tif`खाली येतात, `tif`समोरची निवड काढली तर त्या हाती लागत नाहीत. सापडलेलं सगळं संगणकाच्या डिस्कवर ठेवलं.

फाइलींची मूळ नावं गेली, पण फोटो काढल्याची वेळ फोटोतच असते. तिच्यावरून क्रम लागला आणि हळदीचे जवळपास सगळे फोटो मिळाले. काहींचा खालचा भाग करडा आला. काही व्हिडिओ उघडले नाहीत, कारण मोठी फाइल तुकड्यांत विखुरलेली असू शकते आणि नोंदीशिवाय ते तुकडे जुळत नाहीत. ते कार्ड छायाचित्रकाराने पुन्हा वापरलं नाही. नक्कल मात्र ठेवली आहे, कारण उरलेल्या व्हिडिओंसाठी आणखी एखादं साधन तिच्यावरच चालवून बघता येईल.