पोहे वसुबारसेला पोचले

“माल कधी म्हणजे कधी वेळेवर येत नाही. शेठ फोन उचलत नाही, उचलला तर म्हणतो गाडी निघाली. दिवाळीचा माल ऐन दिवाळीत आणून टाकला. रात्री साडेनऊला टेम्पो, हमाल घरी गेलेला, मी आणि पोरानं पोती उतरवली. चिवड्याचं गिऱ्हाईक मोठ्या दुकानात गेलं ते गेलंच. अन् वर व्याज लावून मोकळा!”

आमच्या गल्लीतले किराणावाले काका हे सगळं साखर तोलता तोलता एका दमात बोलले. मी बरीच वर्षं एका पेढीचा पत्रव्यवहार सांभाळला, हे त्यांना ठाऊक आहे. “शेठला एक पत्र लिहून द्या,” ते म्हणाले, “चांगलं कडक.”

घाऊक व्यापाऱ्याच्या गादीवर कडक पत्रं रोज येतात. तिथला मुनीम पत्र उघडतो आणि आधी बिलाची तारीख शोधतो. ती नसेल तर पत्र बाजूला पडतं. म्हणून मी काकांना म्हटलं, आधी कागद काढा. तारेला ओवलेली बिलं निघाली, त्यांच्यात टेम्पोवाल्याने दिलेली बिल्टी निघाली, मोबाइलवर ऑर्डरचा मेसेज सापडला. ते सगळं काउंटरवर तारखेप्रमाणे मांडलं तेव्हा ‘कधी म्हणजे कधी’ हे शब्द गळून पडले आणि एकच व्यवहार लख्ख दिसायला लागला.

काकांनी २९ सप्टेंबरला ऑर्डर दिली होती. रवा, मैदा, डाळं, खोबरं आणि पातळ पोह्यांची २० किलोची १० पोती. शेठचं लेखी उत्तर होतं, ‘६ तारखेला पोच’. बिल ४ ऑक्टोबरचं, ३८,४०० रुपयांचं. माल आला १७ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या रात्री. तोवर घरोघरचे चिवडे डब्यात गेलेले होते. मैदा आणि रवा पुढेही खपतो. पातळ पोह्यांचं तसं नाही. चिवड्याचे दिवस सरले की त्यांना उठाव नाही, आणि दुकानात पडून राहिले तर ते वातड होतात. दहातली तीनच पोती खपली.

काकांचा सगळा राग फोन न उचलण्यावर होता. मला मात्र त्यांच्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य मोलाचं वाटलं, जे ते जाता जाता बोलून गेले होते. व्याज. उधारीची मुदत २१ दिवसांची, आणि ती बिलाच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे ती २५ ऑक्टोबरला संपली. माल मिळाला १७ ला, तेव्हा काकांच्या हाती उरले आठ दिवस. त्यांनी पैसे भरले ३ नोव्हेंबरला, शेठने नऊ दिवसांचं व्याज लावलं. दरसाल १८ टक्क्यांनी १७० रुपये. रक्कम किरकोळ आहे, पण माल शेठच्या गोदामात पडून असतानाचे दिवस काकांच्या खात्यावर चढत होते. हा अन्याय दर बिलाला होत राहणार होता.

शेठचं म्हणणं, माल आम्ही ४ तारखेलाच काढला, उशीर गाडीवाल्याचा. याला उत्तर बिल्टीत होतं. माल वाहतूकवाल्याच्या ताब्यात गेला ती तारीख बिल्टीवर असते, आणि तिथे स्वच्छ लिहिलं होतं, १५ ऑक्टोबर. गाडीने दोनच दिवस घेतले. बाकीचा उशीर गोदामातला.

काकांना नुकसानभरपाई हवी होती. इथे मला त्यांना थांबवावं लागलं. भारतीय करार कायद्याचं, म्हणजे १८७२ च्या कायद्याचं, कलम ५५ असं आहे की ज्या व्यवहारात वेळ हीच मुख्य अट असते, त्यात माल ठरलेल्या वेळेला आला नाही तर घेणारा करार रद्द करू शकतो. पण उशिरा आलेला माल त्याने ठेवून घेतला, आणि ठेवून घेताना ‘मी भरपाई मागणार आहे’ असं कळवलं नाही, तर त्या उशिराबद्दल भरपाई मागता येत नाही. काकांनी त्या रात्री चलनावर नुसती सही केली होती. तारीख नाही, वेळ नाही, शेरा नाही. म्हणून पत्रात हक्काने भरपाई मागण्यात अर्थ नव्हता. जुना व्यवहार सांभाळून काय मिळतं ते मागायचं आणि पुढची अट पक्की करायची, असं ठरलं.

फोनची तक्रार मी गाळली, कारण तिचा कागद नाही. हमालाचंही गेलं. एक गोष्ट मात्र काकांच्या मनाविरुद्ध घातली. जुलैचं बिल त्यांनी स्वतः उशिरा भरलं होतं. ते आपण नाही लिहिलं तर शेठचं उत्तर तिथूनच सुरू होईल आणि मूळ मुद्दा बुडेल. पत्र असं झालं:

“स. न. वि. वि.

विषय: दि. ४ ऑक्टोबर २०२५ चे बिल, उशिरा मिळालेला माल व व्याज आकारणी.

आमची ऑर्डर दि. २९ सप्टेंबरची. माल ६ ऑक्टोबरला पोचेल असे आपण लेखी कळवले होते. बिल्टी १५ ऑक्टोबरची असून माल आम्हास १७ ऑक्टोबर रोजी रात्री मिळाला. तिन्हींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

पातळ पोहे दिवाळीसाठीच मागवले होते. उशिरामुळे ७ पोती शिल्लक आहेत, पैकी ५ न उघडलेली आहेत. ती परत घेऊन तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट द्यावी. या बिलावरील १७० रुपये व्याज रद्द करावे, कारण माल मिळाल्यापासून २१ दिवसांच्या आत आम्ही पूर्ण रक्कम भरली आहे.

जुलैच्या बिलास आमच्याकडून १२ दिवस उशीर झाला होता, त्याचे व्याज आम्ही दिले आहे.

यापुढे उधारीची मुदत माल पोचल्याच्या तारखेपासून धरावी. सणाच्या मालाच्या ऑर्डरवर पोचण्याची तारीख लिहिलेली असेल, व ती या व्यवहाराची मुख्य अट समजावी. त्या तारखेस माल पोचणार नसल्यास दोन दिवस आधी कळवावे, म्हणजे आम्हास अन्यत्र सोय करता येईल.

कळावे, लोभ असावा.”

काकांनी दोनदा वाचलं. “यात ओरडलोच नाही मी,” म्हणाले. मग बिल्टीच्या तारखेवर बोट ठेवून म्हणाले, “पण हे वाचून तो ओरडणार नाही, हे बरं.”

पत्र स्पीड पोस्टाने गेलं, फोटो शेठच्या मोबाइलवर गेला. उत्तर चलनाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हाताने लिहून आलं. चार पोती परत घेतली, पाचवी नाही. व्याज काढून टाकलं. मुदत माल पोचल्यापासून धरायला शेठ तयार नाही, वाटेत गाडी अडली तर तो भुर्दंड त्याने का सोसावा, असं त्याचं म्हणणं आहे, आणि ते मला पटतं. पण बिल्टीच्या तारखेपासून मोजायला तो कबूल झाला.

संक्रांतीच्या तिळाच्या ऑर्डरवर काकांनी तारीख घातली आहे. उशिरा आला तर चलनाच्या दोन्ही प्रतींवर काय लिहायचं, ते पोराने गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलंय: ‘ठरलेल्या तारखेनंतर मिळाला. नुकसानभरपाईचा हक्क राखून माल घेतला. तारीख, वेळ, ड्रायव्हरची सही.’ आणि त्याच घटकेला त्याचा फोटो शेठला पाठवायचा, कारण नुसत्या ड्रायव्हरला सांगणं म्हणजे शेठला कळवणं नव्हे.