चित्र दिसतं, आवाज गायब

चिंचवडला दरवर्षी मोरया गोसावी संजीवन समाधी महोत्सव होतो. अशा महोत्सवांतल्या गाण्याच्या मैफली जुन्या एव्हीसीएचडी कॅमेऱ्यावर टिपल्या, की त्यांचा आवाज बहुतेकदा एसी-थ्रीमध्ये साठतो. मग कुणीतरी ती `.mts` फाईल जशीच्या तशी `.mp4` मध्ये भरून नातेवाइकांना पाठवतो. टीव्हीला पेनड्राइव्ह लावला तर गाणं छान ऐकू येतं. क्रोममध्ये मात्र गायक नुसते ओठ हलवतात, आणि अनेक अँड्रॉइड फोनवरही तेच. फाईल बिघडलेली नसते. क्रोम आणि फायरफॉक्सला एसी-थ्री उलगडताच येत नाही. खात्री करायची तर तीच फाईल व्हीएलसीत लावा: तिथे आवाज आला, म्हणजे दोष कोडेकचा. उपाय सोपा आहे. चित्राला हात न लावता फक्त आवाज एएसीत बदलायचा: `ffmpeg -i maifal.mts -c:v copy -c:a aac -b:a 192k -ac 2 maifal.mp4`. चित्र पुन्हा दाबलं जात नसल्याने काम लवकर उरकतं, आणि तीन तासांच्या मैफलीचा आवाज साधारण २६० एमबीत मावतो. २०१२ मध्ये प्रमाणित झालेला ओपस याच्या निम्म्या जागेत गोड वाजतो, पण जुने टीव्ही त्याला ओळखत नाहीत. तो केवळ ब्राउझर आणि नव्या फोनपुरता ठेवावा. मूळ फाईल मात्र पुसू नका. तिचा आवाज ५.१ असेल, तर ऑप्टिकल वायरीने जोडलेल्या होम थिएटरला सहाही वाटा पोचवायला एसी-थ्री कामी येतो.