विश्लेषण : खड्याचा टवका उडाला, तर वजन किती जाते? टक्क्यांआधी मिलिमीटर विचारा!

अंगठीतल्या पुष्कराजाची कड दारावर आपटते आणि टवका उडतो. खडा घेऊन सराफाकडे गेल्यावर पहिला प्रश्न असतो, ‘पुन्हा पैलू पाडले तर वजन किती जाईल?’ बहुतेक वेळा उत्तर येते, ‘दहा टक्के धरून चाला.’ हे उत्तर ऐकायला सोपे असले, तरी खडा नीट न मोजता दिलेले असेल तर त्याला फारसा अर्थ नाही. तेवढाच टवका खड्याच्या एका बाजूला असेल तर चार टक्के वजन जाते, दुसऱ्या बाजूला असेल तर चौदा. त्यामुळे टवका कुठे आहे, किती मिलिमीटर आत गेला आहे आणि कारागीर कोणत्या बाजूने घासणार आहे, हे आधी समजून घ्यायला हवे.

ओरखडा आणि टवका यांत फरक काय?

पुष्कराज, नीलम आणि माणिक ही तिन्ही रत्ने एकाच खनिजाची, कोरंडमची, रूपे आहेत. मोह्‌सच्या मापावर त्याची कठीणता ९ आहे. धुळीतल्या वाळूच्या कणांची ती ७ असते. म्हणजे रोजच्या धुळीने पुष्कराजावर सहसा ओरखडा पडत नाही. तो पडतो डब्यात शेजारी ठेवलेल्या हिऱ्याने किंवा दुसऱ्या नीलमाने. वर्षानुवर्षांच्या वापराने दोन पैलू जिथे मिळतात त्या धारा बोथट होतात आणि खडा मंद दिसू लागतो.

पण कठीण वस्तू तुटत नाही, असे मात्र नाही. ओरखडा न पडणे वेगळे आणि आघात सोसणे वेगळे. वरचा आणि खालचा भाग जिथे मिळतात ती कमरेची कड पातळ असते आणि टवका बहुधा तिथलाच उडतो.

ओरखड्यासाठी पुन्हा पॉलिश पुरते. वरच्या सपाट पैलूवर ओरखडे असतील, तर तेवढाच पैलू ०.०५ मिलिमीटर उतरवला जातो. तीन-साडेतीन कॅरेटच्या खड्यात त्याने जेमतेम अर्धा टक्का वजन जाते. सगळ्याच धारा बोथट असतील आणि प्रत्येक पैलू नव्याने पॉलिश करायचा असेल, तर दोन ते चार टक्के घट धरावी. टवक्याचा हिशेब यापेक्षा वेगळा असतो.

एक उदाहरण मांडून पाहू

समजा, अंडाकृती पुष्कराज आहे. लांबी १० मिलिमीटर, रुंदी ८, उंची ५.२ आणि वजन ३.४० कॅरेट. कमरेच्या कडेला ०.४ मिलिमीटर आत गेलेला टवका आहे. नखाच्या टोकाएवढाही नाही.

टवका लांबीच्या टोकाला असेल, तर लांबी १० वरून ९.६ वर येते. रुंदी आणि उंची तशीच राहू शकते. घट साधारण चार टक्के आणि उरलेला खडा सुमारे ३.२६ कॅरेटचा.

आता तोच टवका रुंदीच्या बाजूला आहे असे धरा. रुंदी ८ वरून ७.६ वर आली. पण काम इथे संपत नाही. खड्याच्या तळाचे पैलू ठरावीक कोनात असतात, त्या कोनामुळेच आत गेलेला प्रकाश परत वर येतो. रुंदी घटल्यावर तोच कोन राखायचा तर उंचीही त्याच प्रमाणात, म्हणजे ४.९४ मिलिमीटरपर्यंत, कमी करावी लागते. घट दहा टक्क्यांच्या घरात जाते आणि खडा ३.०७ कॅरेटचा उरतो.

तिसरी शक्यता अशी, की अंडाकृती आता लांबुळकी दिसते म्हणून आकार मूळ प्रमाणातच हवा. मग लांबीही ९.५ वर आणावी लागते. तिन्ही मापे पाच-पाच टक्क्यांनी घटली, पण वजन चौदा टक्क्यांनी घटते, कारण वजन तिन्ही मापांच्या गुणाकाराने ठरते. खडा उरला २.९१ कॅरेटचा. तिन्ही हिशेबांत शेवटच्या पॉलिशची एक-दोन टक्के घट आणखी धरावी.

पैशाचा फटका कुठे बसतो?

खड्याचा दर प्रतिकॅरेट असतो आणि तो पूर्ण आकड्यांपाशी अनेकदा उडी घेतो. तीन कॅरेटच्या वरचा खडा आणि पावणेतीनचा खडा यांचा दर सारखा नसतो. हिशेबापुरते समजा, तीनच्या वर दर दहा हजार रुपये आणि खाली नऊ हजार आहे. मग ३.०७ कॅरेटचा खडा ३०,७०० रुपयांचा झाला आणि २.९१ कॅरेटचा २६,१९० रुपयांचा. फरक ०.१६ कॅरेटचा, पण नुकसान साडेचार हजारांचे. आकार थोडा लांबुळका चालेल की नाही, हा निर्णय म्हणूनच कारागिरावर न सोडता मालकाने घ्यावा.

आपल्याकडे खडे रत्तीत विकले जातात आणि रत्ती सगळीकडे एकसारखी मोजली जात नाही. दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे वजन कॅरेटमध्येच लिहून घ्यावे. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्यात घोळ होत नाही.

घासणे हाच एक उपाय आहे का?

नाही. माझ्या मते लहान टवक्यासाठी घासणे हा शेवटचा उपाय असावा. टवका कडेला असेल आणि त्यातून भेग आत गेली नसेल, तर खडा काढून थोडा फिरवून असा बसवता येतो, की टवका अंगठीच्या नखीखाली झाकला जातो. घट शून्य. मात्र भेग असेल तर हे करू नये. नखीचा दाब त्या भेगेवर पडून खडा पुढे तुटू शकतो. भेग आहे की नाही, हे दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली, खडा वेगवेगळ्या बाजूंनी उजेडात फिरवल्यावर कळते. भेग आरशाच्या तुकड्यासारखी चमकून जाते.

‘खंडित खडा घालू नये’ म्हणून तो मिळेल त्या भावात विकणारेही अनेक आहेत. श्रद्धा ज्याची त्याची. पण विकण्याआधी टवका किती खोल आहे, हे मोजून घेतले तर निदान सौदा डोळसपणे होतो.

घट जास्त होऊनही फायदा होतो का?

कधी कधी होतो. वजन टिकवण्यासाठी अनेक खडे मुळातच पोटाला जाड ठेवून कापलेले असतात. ते वजन वरून दिसत नाही, पण त्याचे पैसे मोजलेले असतात. अशा खड्याचा तळ घासला तर वजन पंधरा-वीस टक्के जाऊनही वरून आकार जवळपास तेवढाच दिसतो आणि चमक वाढते.

याचे गाजलेले उदाहरण म्हणजे व्हिटेल्सबाख हा निळा हिरा. भारतातल्या गोवळकोंड्याच्या खाणींतून आलेला मानला जाणारा हा हिरा २००८ मध्ये लंडनच्या लिलावात लॉरेन्स ग्राफ यांनी १ कोटी ६४ लाख पौंडांना घेतला. त्याच्या कडेला टवके होते. ग्राफ यांनी तो पुन्हा घासून घेतला. वजन ३५.५६ कॅरेटवरून ३१.०६ वर आले, म्हणजे साडेबारा टक्क्यांहून थोडी अधिक घट. बदल्यात रंगातली करडी झाक गेली आणि हिरा आतून निर्दोष ठरला. शतकांचा इतिहास असलेला घाट बदलला म्हणून टीकाही झाली. गेलेले वजन आणि जुना घाट दोन्ही परत येत नाहीत, हे आपल्या अंगठीतल्या खड्यालाही लागू आहे.

कोणता खडा घासायला देऊच नये?

काही निळ्या खड्यांचा रंग उष्णतेच्या प्रक्रियेने फक्त पृष्ठभागात मुरवलेला असतो. तो थर अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो. घासला की खाली फिका दगड निघतो. काही माणकांच्या भेगांत काच भरलेली असते आणि घासताना ती निखळू शकते. पाचूच्या भेगा तेलाने किंवा राळेने भरलेल्या असतात. घासण्याच्या उष्णतेने ते भरण निघाले की आधी न दिसणाऱ्या भेगा दिसू लागतात आणि खड्यात पुन्हा तेल भरावे लागते. त्यामुळे किमती खड्याची आधी रत्नप्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी.

अस्सल नीलम आणि पुष्कराजातही रंग सगळीकडे सारखा नसतो. एखाद्या गडद पट्ट्यामुळे सगळा खडा रंगीत दिसतो. नेमका तो पट्टा घासला गेला तर घट तीन टक्के असूनही खडा फिका पडतो. खडा पाण्यात बुडवून पांढऱ्या कागदावर धरला, की पट्टे दिसतात. चांगला कारागीर हे आधी बघतो.

देताना आणि घेताना काय पाहावे?

खडा अंगठीतून काढून, स्वच्छ करूनच वजन करावे. वजन, तिन्ही मापे आणि आतल्या खुणांचे जवळून काढलेले फोटो आपल्याकडे ठेवावेत. खडा बदलला गेला का, हे याच खुणांवरून कळते. नंतर कारागिराकडून किमान दोन पर्यायांचा अंदाज लिहून घ्यावा: टवका पूर्ण काढला तर मापे व वजन किती राहील आणि टवका अर्धवट ठेवला तर किती. रंगीत खड्यांचे बरेचसे काम जयपूरला जाते, म्हणून सराफ आणि कारागीर यांच्यात निरोप तोंडी राहू नये.

परत आल्यावर खडा छापील मजकुरावर सरळ ठेवून वरून पाहावे. मधल्या भागातून अक्षरे वाचता आली, तर तळाचे कोन फार उथळ झाले आहेत आणि प्रकाश खालून निसटतो आहे. म्हणजे वजन वाचवण्यासाठी चमक सोडली. भिंगाखाली पैलूंच्या धारा तीक्ष्ण असाव्यात आणि एका बिंदूत नेमक्या मिळाव्यात. गोलसर धारा घाईच्या पॉलिशची खूण आहे.

दोन खर्च बहुतेक लोक विसरतात. ८ मिलिमीटरच्या कोंदणात ७.६ मिलिमीटरचा खडा घट्ट बसत नाही, कोंदण बदलावे लागते. आणि जुन्या प्रमाणपत्रावरचे वजन व मापे आता जुळत नाहीत, म्हणून नवे काढावे लागते. हे दोन्ही धरूनही दुरुस्त खडा आजच्या टवक्यासह मिळणाऱ्या भावापेक्षा महाग विकला जात असेल, किंवा तो विकायचाच नसून बोटात घालायचा असेल आणि टवका डोळ्यांना खुपत असेल, तरच घासावा. नाहीतर नखीखाली लपवलेला ०.४ मिलिमीटरचा टवका गेलेल्या अर्ध्या कॅरेटपेक्षा परवडतो.