Explainer : ‘हो सर, प्रयत्न करतो’चा जर्मन साहेब काय अर्थ लावतो?

शेंद्रा एमआयडीसीत २००१ मध्ये चेक कंपनी स्कोडाचा कारखाना सुरू झाला. वाळूजमध्येही युरोपीय कंपन्या आहेत. त्यामुळे इथल्या ज्युनिअर इंजिनिअरचा साहेब कधी कधी परदेशात बसलेला असतो.

नेमकी गडबड कुठे?
समजा, जर्मन मॅनेजर विचारतो, ‘शुक्रवारी ड्रॉइंग मिळेल?’ सोमवारशिवाय होणार नाही, हे ज्युनिअरला माहीत असतं. तरी तो म्हणतो, ‘हो सर, प्रयत्न करतो.’ आपल्याकडचा साहेब यातला नकार बहुतेक वेळा ओळखतो. जर्मन मॅनेजर शुक्रवार पक्का धरतो.

असं का होतं?
साहेबांशी असहमती दाखवायला कर्मचारी किती वेळा घाबरतात, हा प्रश्न आयबीएमच्या सर्वेक्षणात होता. अशा उत्तरांवरून डच अभ्यासक गीर्ट हॉफस्टेड यांनी ‘पॉवर डिस्टन्स’ निर्देशांक मांडला. त्यात भारत ७७, चेक प्रजासत्ताक ५७, जर्मनी ३५. आकडा मोठा, तितकं साहेबापासूनचं अंतर जास्त. मात्र ही देशाची सरासरी आहे. समोरचा माणूस तसाच असेल असं नाही.

मग करायचं काय?
मॅनेजरने ‘जमेल का?’ऐवजी ‘काय बाकी आहे, कधी होईल?’ असं विचारावं. ज्युनिअरने तारीखच सांगावी : ‘शुक्रवारी नाही, सोमवारी दुपारी देतो.’