२५ वर्षांत एक कोटीची बचत? कागल पंचतारांकितमधल्या सोलर कोटेशनचं गणित असं तपासा

कागल : पंचतारांकित एमआयडीसीत पत्र्याच्या शेडवर सोलर बसवायचं म्हटलं की एजंट कोटेशनसोबत २५ वर्षांचा तक्ता देतो. तळाला मोठा आकडा असतो, 'एकूण बचत एक कोटी'. आकडेमोड बरोबर असते, पण सगळा खेळ असतो तो वर धरलेल्या दोन टक्क्यांवर. वीजदर दरवर्षी किती वाढणार आणि पॅनेल दरवर्षी किती कमी वीज देणार, हे ते दोन टक्के.

एक उदाहरण धरू. छोट्या मशीनशॉपच्या शेडवर २० किलोवॅटचा संच, खर्च १० लाख. आपल्या भागात एका किलोवॅटला वर्षाला साधारण १४०० युनिट मिळतात, म्हणजे पहिल्या वर्षी २८ हजार युनिट. युनिटमागे ८ रुपये वाचले तर २ लाख २४ हजार. एजंट दरवाढ ५ टक्के आणि पॅनेलची झीज अर्धा टक्का धरतो. २५ वर्षांची बेरीज येते ९९ लाख ५० हजार. झाले एक कोटी!

झीज नव्हे, दर बघा

बरेच ग्राहक झिजेवरूनच एजंटाशी वाद घालतात. पण अर्ध्याऐवजी ०.७ टक्के झीज धरली तरी बेरीज ९६ लाख ७० हजार येते. फरक तीन लाखाच्या आत. आता झीज ०.७ टक्केच ठेवून दरवाढ ५ ऐवजी २ टक्के धरा. बेरीज थेट ६५ लाख ६० हजारांवर उतरते. दर अजिबात वाढला नाही तर ५१ लाख ५० हजार. म्हणजे एक कोटीतला जवळजवळ निम्मा पैसा नुसत्या दरवाढीच्या अंदाजावर उभा आहे.

हा अंदाज किती खरा, हे तक्त्याच्या शेवटच्या ओळीत कळतं. ५ टक्क्यांनी २५ व्या वर्षी युनिटचा दर २५ रुपये ८० पैसे होतो. एवढ्या महाग विजेवर इथले कारखाने चालतील का, हा प्रश्न एजंटाला विचारायला हवा. शिवाय त्या एक कोटीतले ५३ लाख शेवटच्या दहा वर्षांत येणारे आहेत, म्हणजे सगळ्यात लांबचे आणि सगळ्यात कच्चे.

दर वाढतच जातो असंही नाही. राज्य वीज नियामक आयोगाने २०२५ मध्ये महावितरणच्या पाच वर्षांच्या दरांचे आदेश दिले. त्यावर वादही झाले, पण त्यात सरासरी दर टप्प्याटप्प्याने खाली आणण्याची दिशा होती.

८ रुपये तरी खरे वाचतात का?

काही एजंट पूर्ण बिलाला युनिटने भागून दर काढतात. हे चूक आहे. बिलातला स्थिर किंवा मागणी आकार सोलर बसवला तरी भरावाच लागतो. वाचतो तो युनिटवर लागणारा भाग, म्हणजे वीज आकार, वहन आकार आणि त्यावरचं वीज शुल्क. म्हणून मागच्या बारा बिलांतून हाच भाग वेगळा काढून दर ठरवा.

दुसरी गोष्ट वेळेची. २०२५ च्या दररचनेत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ हे सौर तास ठरले. टीओडी मीटरच्या औद्योगिक ग्राहकाची त्या वेळेत तयार झालेली जादा वीज त्याच वेळेतल्या वापरात वळती होते. भट्टी रात्रपाळीत चालवणाऱ्याला दिवसाच्या सोलरचा उपयोग म्हणूनच कमी. कोटेशनमधली सगळी युनिटं आपल्याला लागू होतात का, ते शिफ्टवरून ठरतं.

खर्चाची बाजू

फाउंड्रीजवळच्या शेडवर काळी धूळ बसते. ती धुतली नाही तर उत्पादन पडतं आणि ते झिजेच्या आकड्यात धरलेलं नसतं. आपल्या उदाहरणात धुण्याला वर्षाला १५ हजार आणि बारा-तेरा वर्षांनी इन्व्हर्टर बदलायला दीड लाख धरू. दर न वाढल्याचं गणित घेतलं, तरी संचाचे १० लाख आणि हा सगळा खर्च वजा जाता जवळपास ३६ लाख उरतात. मुद्दल पाच वर्षांच्या आसपास निघतं.

म्हणजे सोलर तोट्याचं नाही, एक कोटीचा आकडा मात्र फुगवलेला आहे. कर्ज काढून बसवणाऱ्याने हप्ता शून्य दरवाढीच्या तक्त्यावर बसतो का ते आधी बघावं. पुढे दर वाढला तर तो वरचा फायदा. घरगुती छतावर मिळणारं पीएम सूर्यघरचं अनुदान (३ किलोवॅटला ७८ हजार) कारखान्याच्या शेडला नाही, म्हणून घरचं कोटेशन शेडला लावू नये.

सही करण्यापूर्वी एजंटाकडून दरवाढ शून्य, २ आणि ५ टक्के असे तीन तक्ते लेखी मागा. संच सुरू झाल्यावर दरमहा मीटरची युनिटं वहीत लिहा. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा आकडा दहा टक्के खाली गेला, तर ती झीज नव्हे. पाऊस-ढगाळ हवा नसेल, तर धूळ, सावली किंवा बिघाड शोधायला लागा.