फेब्रुवारीत बरोबर, एप्रिलमध्ये चूक

गेल्या महिन्यात एका कार्यालयाचे हजेरीपत्रक आमच्याकडे तपासायला आले. एक्सेलमधला हा तक्ता फेब्रुवारी २०२६ मध्ये तयार झालेला. तारखांच्या ओळीतले शनिवार-रविवार आपोआप राखाडी होत होते. फेब्रुवारी बरोबर निघाला, मार्चही निघाला. एप्रिलमध्ये मात्र १ तारखेचा बुधवार आणि ७ तारखेचा मंगळवार राखाडी झाला, आणि ४ व ५ तारखेचे शनिवार-रविवार पांढरेच राहिले. पगारपत्रक करणाऱ्या बाईंनी रंगावर विसंबून सुट्ट्या धरल्या होत्या.

नियमाचे सूत्र बरोबर होते. चूक तारखांच्या ओळीत होती. तिथे तारखा नव्हत्याच, नुसते १, २, ३ असे आकडे टाकलेले होते. एक्सेलच्या लेखी १ हा आकडा म्हणजे १ जानेवारी १९००, आणि त्याच्या हिशेबात तो रविवार. त्यामुळे महिना कोणताही असो, छटा १, ७, ८, १४, १५ अशीच पडणार. योगायोग असा, की २०२६ चा फेब्रुवारी रविवारी सुरू झाला आणि तो २८ दिवसांचा असल्याने मार्चही रविवारीच. चूक दोन महिने झाकली गेली ती अशी.

म्हणून आधी ओळ खरी करावी. आमच्या नमुन्यात C3 मध्ये महिन्याची पहिली तारीख पूर्ण टाकायची, D3 मध्ये `=C3+1` लिहून ते AD3 पर्यंत, म्हणजे २८ तारखेपर्यंत ओढायचे. दिसायला फक्त दिवसाचा आकडा हवा असेल तर तारखेचे स्वरूप `d` ठेवावे. आतली तारीख पूर्णच राहते. २९, ३० आणि ३१ साठी मात्र वेगळे सूत्र लागते. AE3 मध्ये ते असे:

```
=IF(MONTH($AD3+1)=MONTH($C3),$AD3+1,"")
```

AF3 मध्ये दोन्हीकडे `+2`, AG3 मध्ये `+3`. या तीन घरांतला मजकूर नुसता पुसून टाकू नये. रिकामे घर म्हणजे शून्य, आणि एक्सेल शून्याला शनिवार मानते. तिन्ही रकाने विनाकारण रंगतात. सूत्रातून आलेले `""` हे शून्य नसल्याने तिथे छटा पडत नाही.

आता नियम. C3 पासून सुरुवात करून शेवटच्या कर्मचाऱ्याच्या AG पर्यंतचा भाग निवडावा. मग `Conditional Formatting`, `New Rule`, आणि त्यात सूत्राचा पर्याय:

```
=WEEKDAY(C$3,2)>5
```

इथला `2` आठवडा सोमवारपासून मोजतो, म्हणून शनिवार ६ आणि रविवार ७. `$` फक्त ३ च्या आधी हवा. तो राहून गेला तर प्रत्येक ओळ तारखेऐवजी स्वतःचेच घर तपासते. अशा तक्त्यात कोरी घरे सगळी राखाडी दिसतात आणि हजेरीचे `P` भरत जावे तशी छटा उडत जाते. उलट `$C$3` लिहिले तर सगळा तक्ता एक तर पूर्ण रंगतो, नाही तर पूर्ण कोरा राहतो.

हा नियम राज्य सरकारी कार्यालयांना चालेल, कारण तिथे २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. बँकांना तो चालणार नाही. १ सप्टेंबर २०१५ पासून त्यांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी आहे, बाकीचे शनिवार कामाचे. त्यांच्यासाठी:

```
=OR(WEEKDAY(C$3,2)=7,
 AND(WEEKDAY(C$3,2)=6,
 ISEVEN(INT((DAY(C$3)+6)/7))))
```

शनिवार महिन्यातला कितवा हे आतला भागाकार सांगतो. सम आला की सुट्टी. एप्रिल २०२६ मध्ये ११ आणि २५ हे शनिवार रंगतील, ४ आणि १८ कोरे राहतील. साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असलेल्या कारखान्याला `=WEEKDAY(C$3,2)=4` एवढे पुरते.

तक्ता हाती आला की चालू महिन्यावर समाधान मानू नका. C3 मध्ये १ ऑगस्ट २०२६ टाका. तो महिना शनिवारी सुरू होतो आणि त्यात शनिवार पाच आहेत. बँकेच्या नियमात शनिवारांपैकी फक्त ८ आणि २२ रंगले पाहिजेत. मग १ फेब्रुवारी २०२७ टाकून शेवटचे तीन रकाने कोरे होतात का ते पाहा.

आणि एक मर्यादा. `COUNTIF` ला रंग दिसत नाही. कामाचे दिवस तारखेवरूनच वेगळ्या सूत्राने मोजावे लागतात, आणि सणांच्या सुट्ट्या या नियमात येतच नाहीत. छटा हजेरी भरणाऱ्याच्या डोळ्यांसाठी आहे. तिच्यावरून पगार काढू नये.