डिपॉझिट वळते करायचे? मग आधी पत्रावर सही घ्या

एप्रिल-मे आला की पुण्या-मुंबईत घरे बदलतात. टेम्पो लागतात, गाद्या दोरीने बांधल्या जातात आणि शेकडो घरांत त्याच वादाला तोंड फुटते. भाडेकरू म्हणतो, "शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून वळते करा, असे ठरले होते." घरमालक म्हणतो, "कधी ठरले?" दोघांपैकी कोणी खोटे बोलत असेलच असे नाही. जिन्यात, चपला घालता घालता काहीतरी बोलणे झालेले असते आणि प्रत्येकाने ते आपल्या सोयीने ऐकलेले असते. आपल्या वर्षभराच्या बचतीएवढी रक्कम आपण असल्या बोलण्यावर का सोडतो? माझे म्हणणे एवढेच आहे की, आगाऊ भाडे आणि डिपॉझिट शेवटच्या महिन्यांत वळते करायचे असेल, तर घरमालकाला तसे पत्र द्यावे आणि त्यावर त्याची सही घ्यावी. सही मिळेपर्यंत भाडे थांबवू नये.

१. आधी स्वतःचा करार काढून वाचा. लिव्ह अँड लायसन्सच्या बहुतेक करारांत डिपॉझिट बिनव्याजी असते आणि घराचा ताबा दिल्यावर ते परत करायचे असते. "डिपॉझिट भाड्यापोटी वळते करता येणार नाही" असे वाक्यही अनेकदा त्यातच असते. एजंटने पाने उलटवत अंगठे आणि फोटो घेतले, म्हणून ते आपल्या नजरेतून सुटते. आगाऊ भाड्याची गोष्ट वेगळी आहे. ते भाडेच असते, फक्त आधी दिलेले. पण ते पहिल्या महिन्याचे की शेवटच्या, हे करारात लिहिलेले नसेल, तर मालक ते पहिल्या महिन्याचे धरतो आणि आपण शेवटच्या. रक्कम एक आणि हिशेब दोन, अशी ही अवस्था आपणच ओढवून घेतलेली असते.

२. "तोंडी ठरले होते" याला कायद्यात फारसा आधार नाही, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. पुराव्याचा कायदा पुढे सांगतो की, नोंदणी झालेल्या कराराच्या अटी नंतरच्या तोंडी बोलण्याने बदलल्या, असे सिद्ध करू दिले जात नाही. म्हणजे कराराने आपल्याला जे संरक्षण दिले, तेच जिन्यातल्या शब्दाला निष्प्रभ करते. मालक कितीही सज्जन असो. त्याचा मुलगा उद्या व्यवहार पाहू लागला, तर त्या शब्दाचा साक्षीदार कोण?

३. पत्र म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून पाहू. कोथरूडमधला एक फ्लॅट घ्या. भाडे महिना २२,००० रुपये, डिपॉझिट ६६,००० आणि सुरुवातीला घेतलेले एका महिन्याचे आगाऊ भाडे २२,०००. करार अकरा महिन्यांचा, ३० एप्रिलला संपणारा. भाडेकरूने जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे वळते करायच्या पहिल्या महिन्याआधी, असे लिहावे:

"आपल्यातील नोंदणीकृत कराराची मुदत ३० एप्रिल रोजी संपत असून त्या दिवशी मी घराचा ताबा देणार आहे. आपल्या चर्चेप्रमाणे फेब्रुवारी व मार्च या महिन्यांचे भाडे, एकूण ४४,००० रुपये, माझ्या ६६,००० रुपये डिपॉझिटमधून वळते करण्यात येईल. एप्रिलचे भाडे मी सुरुवातीला दिलेल्या २२,००० रुपये आगाऊ भाड्यातून वळते होईल. डिपॉझिटपैकी उरलेले २२,००० रुपये आपणाकडे राहतील. थकीत बिले व नुकसान असल्यास त्याचा खर्च वजा करून ही रक्कम ताबा देण्याच्या दिवशीच मला परत करावी. जानेवारीअखेरपर्यंतचे सर्व भाडे आपणास मिळाले आहे. वरील मजकूर मान्य असल्यास खाली तारखेसह सही करावी."

पत्राच्या दोन प्रती काढा आणि दोन्हींवर दोघांच्या सह्या घ्या. करारावर मालक म्हणून दोन नावे असतील, तर दोघांच्याही. या पत्रातले जानेवारीपर्यंतचे भाडे मिळाल्याचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण पुढे "मागचेही थकले आहे" ही तक्रार त्यानेच बंद होते.

४. या उदाहरणात सगळे डिपॉझिट वळते केलेले नाही, हे लक्षात घ्या. तसे मुद्दामच केले आहे. घरमालकाची भीती खोटी नसते. शेवटचे विजेचे बिल भाडेकरू गेल्यावर येते, गीझर बंद निघतो, भिंतीला ड्रिलची भोके असतात. हातात एक पैसाही नसेल, तर त्याने वसुली कोणाकडून करायची? वरच्या उदाहरणात ३० एप्रिलला दोघांनी घर फिरून पाहिले, असे समजा. वीजमीटरच्या रीडिंगवरून बिल १,३४० रुपये निघाले आणि बेसिनचा तुटलेला नळ बदलायला ६५० रुपये लागले. २२,००० मधून १,९९० वजा जाता २०,०१० रुपये भाडेकरूच्या खात्यात तिथेच जमा झाले. मात्र वापराने फिका पडलेला रंग हे नुकसान नव्हे. करारात रंगकामाची अट नसताना त्यासाठी डिपॉझिटला हात लावणे हा सरळसरळ अन्याय आहे.

५. आणि मालकाने सही केली नाही तर? इथेच भाडेकरूंचे पाऊल चुकते. "व्हॉट्सॲपवर कळवले होते, त्यांनी निळी टिक केली," असे म्हणून ते भाडे थांबवतात. वाचणे म्हणजे मान्य करणे नव्हे आणि गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे. "हो, चालेल" असे स्पष्ट उत्तर आले असेल, तर ते जपून ठेवा, पण सहीचा आग्रह सोडू नका. उत्तरच नसेल, तर पत्र पोच मिळेल अशा टपालाने पाठवा आणि ठरल्या तारखेला भाडे भरत राहा. भाडे थांबवले की थकबाकीदार आपण ठरतो आणि करार मोडण्याचे कारण मालकाच्या हाती आयते जाते. "डिपॉझिट मिळेपर्यंत घर सोडणार नाही" हा हट्ट तर त्याहून महाग पडतो. मुदत संपल्यावरही राहिलेल्या माणसाकडून भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई घेता येते. न्याय्य मागणी आपली आणि दंडही आपल्यालाच, अशी वेळ का आणायची?

६. खरे तर हे पत्र लिहिण्याची पाळीच येऊ नये. करार ऑनलाइन नोंदवताना एजंटकडे तयार नमुना असतो, पण त्यात आपल्या अटी घालता येतात. "आगाऊ भाडे शेवटच्या महिन्याचे समजले जाईल आणि डिपॉझिटपैकी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम शेवटून दुसऱ्या व तिसऱ्या महिन्याच्या भाड्यापोटी वळती होईल," एवढी एक ओळ पुरते. एजंट "असे कोणी घालत नाही" म्हणेल. आपण दलाली मोजतो ती हे ऐकण्यासाठी नव्हे. अंगठा लावण्यापूर्वी मसुदा मागवा, त्यात ही ओळ आहे की नाही ते पाहा आणि नसेल तर ती आल्याशिवाय अंगठा लावू नका.